विश्लेषण : काम तेच, माणसे तीच, तरी ‘स्वच्छ’ अधांतरी का? सरकारी कामाचा त्रिकोण काय सांगतो?

डिसेंबर २०२० च्या अखेरीस पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी असलेला करार संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी नेहमीच्याच बायका ढकलगाडी घेऊन सोसायट्यांच्या दारात उभ्या होत्या. बादल्या रिकाम्या झाल्या, ओला कचरा गाडीत गेला, सुका वेगळा झाला. रोजच्या कामात तसूभरही फरक पडला नव्हता. तरीही पुढचे कित्येक महिने ही व्यवस्था छोट्या छोट्या मुदतवाढींवर तगून राहिली. महापालिकेत तिच्या जागी खासगी ठेकेदार आणण्याची चर्चा सुरू झाली आणि कचरावेचकांना काम सोडून मोर्चे काढावे लागले.

काम चांगले चालले असताना ते बंद पडण्याच्या टोकाला का येते? आपल्याकडे याचे उत्तर एका शब्दात दिले जाते : राजकारण. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सार्वजनिक व्यवस्थापनाच्या अभ्यासात या प्रश्नाकडे पाहण्याची एक नेटकी चौकट आहे. तिला व्यूहात्मक त्रिकोण म्हणतात.

त्रिकोण कुणाचा आणि कशासाठी?

हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलमधील प्राध्यापक मार्क मूर यांनी १९९५ मध्ये ‘क्रिएटिंग पब्लिक व्हॅल्यू’ हे पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात एका गावातल्या ग्रंथपाल बाईंपासून होते. शाळा सुटल्यावर मुले थेट ग्रंथालयात येऊन बसू लागतात, कारण आईवडील दोघेही कामावर असतात. ग्रंथालय म्हणजे पाळणाघर नव्हे, म्हणून मुलांना बाहेर काढायचे की त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करायचे? नियमावलीत याचे उत्तर नाही. मूर यांना त्या बाईंच्या उत्तरापेक्षा त्यांच्यापुढचा पेच महत्त्वाचा वाटतो. लोकांनी करातून उभी केलेली इमारत, पुस्तके आणि माणसे आपल्या हाती आहेत. त्यांतून लोकांसाठी जास्तीत जास्त मोलाचे काय घडवता येईल?

खासगी कंपनीच्या व्यवस्थापकाला या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात दिसते. गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून पैसे देते, म्हणजे त्याला वस्तूचे मोल वाटते. सरकारी कामात तसे नसते. पैसा करातून सक्तीने गोळा झालेला असतो आणि ज्याला सेवा मिळते तोच तिचे पैसे देतो असेही नाही. शिवाय सरकार पैशाबरोबर अधिकारही वापरते. कचरा वेगळा न केल्यास दंड ही सेवा नसून सक्ती आहे. म्हणून सरकारी कामाचे मोल एकटा ग्राहक ठरवू शकत नाही, ते समाजाने मिळून ठरवायचे असते. मूर यांच्या ‘सार्वजनिक मूल्य’ या कल्पनेचा गाभा हा आहे.

त्यातून त्रिकोणाचे तीन कोन येतात. पहिला उद्दिष्टाचा : नेमके कोणते मोल निर्माण करायचे आहे? दुसरा मान्यतेचा : ते काम करायला परवानगी, पैसा आणि पाठबळ कोण देणार, आणि ते किती काळ टिकणार? तिसरा क्षमतेचा : काम प्रत्यक्ष करायला माणसे, साधने, जागा आणि कौशल्य आहे का? तिन्ही कोन एकाच वेळी जुळायला हवेत. मोलाचे आणि लोकांना हवे असलेले काम क्षमता नसेल तर घोषणा म्हणून राहते. क्षमता आणि पाठबळ दोन्ही असून उद्दिष्टच फसवे असेल तर पैसा वाया जातो. मान्यतेचा कोन सुटला तर काय होते, ते पुण्यात दिसले.

उद्दिष्ट एकच होते का?

‘स्वच्छ’ची मुळे १९९३ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तेव्हा कचरावेचक बायका उकिरड्यावर आणि कचराकुंड्यांत हात घालून भंगार वेचत. त्यांच्यावर चोरीचा संशय घेतला जाई. पंचायतीची पहिली मागणी ओळखपत्राची होती आणि पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. २००२-०३ पासून महापालिकेने या कष्टकऱ्यांचा वैद्यकीय विमाही सुरू केला.

दरम्यान २००० साली घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, तो वेगळा ठेवा, असे त्यांनी महापालिकांना सांगितले. कुंड्या हटणार होत्या. म्हणजे बायकांचे पोट ज्यावर होते ते भंगार आता थेट ठेकेदाराच्या गाडीत जाणार होते. पंचायतीने उलट मागणी केली की घरोघरी जाण्याचे काम आम्हालाच द्या. २००५ च्या सुमारास प्रायोगिक काम झाले, ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

या करारात किमान तीन उद्दिष्टे एकत्र बांधली गेली. रहिवाशाला दारातून कचरा उचलला जायला हवा होता. महापालिकेला कचरा डेपोवरचा भार कमी करायचा होता. कचरावेचकाला प्रतिष्ठेचे, नियमित उत्पन्नाचे काम हवे होते. ही तिन्ही एकमेकांना पूरक आहेत, हीच या योजनेची ताकद. पण ‘मोल कोणासाठी’ या प्रश्नाला तीन उत्तरे असली की टीकाकार त्यांतले सोयीचे एक उचलतो आणि त्याच काट्यावर सगळे तोलतो. ‘ही कचरा व्यवस्था आहे की कल्याणकारी योजना?’ हा प्रश्न महापालिकेच्या वर्तुळात याच फटीतून शिरतो. प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. ते सभेत कुणीतरी उभे राहून स्पष्ट बोलावे लागते.

क्षमता म्हणजे नेमके काय?

क्षमता म्हटले की डोळ्यांपुढे गाड्या, यंत्रे आणि पगारी कर्मचारी येतात. मूर यांचे म्हणणे असे, की क्षमता आपल्या कार्यालयाच्या भिंतींच्या आत असायलाच हवी असे नाही. पुण्यात मोठी क्षमता बाहेरच होती. कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, कडक आणि मऊ प्लॅस्टिक, लोखंड, काच अशी निवड हाताने आणि नजरेने करण्याचे कौशल्य या बायकांकडे वर्षानुवर्षांचे होते. कोणता माल भंगारवाल्याकडे कोणत्या भावाने जातो, हे त्यांना ठाऊक होते. महापालिकेने ते विकत घेतले नाही, त्याला फक्त रस्ता करून दिला.

एका सकाळचा हिशेब पाहू. दोघींची जोडी साधारण दोनशे ते तीनशे घरे सांभाळते. समजा, अडीचशे घरे आहेत आणि घरटी रोज दीड किलो कचरा निघतो. म्हणजे पावणेचारशे किलो. त्यातला पाचवा भाग विकण्याजोगा सुका माल असेल तर रोज पंचाहत्तर किलो, महिन्याला सव्वादोन टन माल गाडीत चढतच नाही. त्याची वाहतूक नाही, प्रक्रिया नाही, डेपोही नाही. (आकडे समजुतीसाठी धरले आहेत. वस्ती बदलली की तेही बदलतात.)

आता ठेकेदाराचे गणित. कचरा उचलण्याच्या ठेक्यात पैसे बहुधा टनावर मिळतात. वजन जितके जास्त, तितके बिल मोठे. सुका माल बाजूला काढला तर त्याचे वजन घटते, म्हणून वर्गीकरणात त्याला रस नसतो. कचरावेचक बाईचे उलट आहे. वेगळा काढलेला प्रत्येक किलो तिच्या हातात पैसे देतो. एकच काम, पण मोबदल्याची रीत बदलली की वागणे बदलते. लोक बदलण्याआधी मोबदला कशावर दिला जातो ते पाहावे, हे कचऱ्यापुरते तरी पुन्हा पुन्हा खरे ठरले आहे.

या क्षमतेला मर्यादाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. साखळीचा दुसरा अर्धा भाग महापालिकेच्या हातात आहे. ओला कचरा घेणारी गाडी ठरलेल्या ठिकाणी वेळेवर आली नाही तर भरलेली ढकलगाडी रस्त्यातच अडते, पुढच्या इमारतीला उशीर होतो आणि तक्रार मात्र बाईविरुद्ध जाते. निवडीसाठी शेड नसेल तर माल पावसात भिजतो आणि त्याचा भाव पडतो. हातमोजे व गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत तर इजा होतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर तर कोणीही निवडू नयेत असे. ते वेगळे गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, ही मोहीम त्यातूनच आली. तो ठिपका काढायला घरातल्या माणसाचे पाच सेकंद लागतात. या व्यवस्थेच्या क्षमतेत नागरिकाचे ते पाच सेकंदही धरावे लागतात. ते मिळाले नाहीत तर कितीही गाड्या दिल्या तरी वर्गीकरण होत नाही.

मान्यता कोण देते?

‘मान्यता’ म्हणजे आयुक्तांची सही, असा समज असतो. आपल्या महापालिका कायद्यात आयुक्त हा प्रशासनाचा प्रमुख आहे, पण ठरावीक रकमेपुढच्या कराराला स्थायी समिती लागते आणि धोरणाला मुख्य सभा. त्यांच्यावर राज्य शासन आहे, बाजूला न्यायालये आणि केंद्राचे नियम आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख द्या, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे स्पष्ट लिहिले. म्हणजे दिल्लीतून मान्यता होती. तरी ती पुण्याच्या सभागृहात आपोआप पोहोचली नाही.

मान्यता देणारे सभागृहाबाहेरही असतात. कचरा डेपोमुळे नासलेली हवा आणि पाणी सोसणाऱ्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांकडे पुण्याच्या कचऱ्यावर कागदोपत्री कोणताही अधिकार नव्हता. पण २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच अडकला. त्या दिवसांत पुण्याच्या कचरा व्यवस्थेचा सर्वांत बलवान मान्यतादार त्या गावांच्या वेशीवर उभा होता. डेपोवर कमी कचरा पाठवणारी प्रत्येक व्यवस्था खरे तर त्यांची मित्र आहे. हे नाते जाणीवपूर्वक जोडायला हवे होते, आणि ते पुरेसे जोडले गेले असे मला वाटत नाही.

आणखी एक मान्यतादार दर महिन्याला दारात उभा असतो, तो म्हणजे पैसे देणारा रहिवासी. ‘स्वच्छ’च्या रचनेत कचरावेचकाचे मुख्य उत्पन्न घरटी शुल्कातून येते. महापालिका साधने, देखरेख आणि वस्त्यांमधील सेवेसाठी मदत यांचा भार उचलते. वरच्याच अडीचशे घरांनी महिन्याला सत्तर रुपये द्यायचे असे धरा. सगळ्यांनी दिले तर साडेसतरा हजार रुपये, म्हणजे प्रत्येकीला ८७५० रुपये. पन्नास घरांनी टाळले तर १४ हजार, प्रत्येकीला सात हजार. काम तेवढेच, कारण न देणाऱ्याचाही कचरा मागे सोडता येत नाही. पैसे देणे हा म्हणूनच एक छोटा ठराव असतो. तो अडीचशे ठिकाणी दर महिन्याला मंजूर व्हावा लागतो.

या रचनेत महापालिकेचा खर्च वाचतो, पण विरोधाला बळकट मुद्दाही मिळतो. ‘मिळकतकर भरतो, मग वेगळे सत्तर रुपये कशाला?’ हा प्रश्न नगरसेवकाला मतदार विचारतो. तो प्रश्न फालतू नाही. त्याला उत्तर देता येते : ठेकेदार आणला तर हेच पैसे करातून जातील, तेही वजनावर, आणि कचरा वेगळा होण्याची प्रेरणा संपेल. पण हे उत्तर मतदाराला कोणी द्यायचे? नगरसेवकाने दिले तर त्याचे श्रेय त्याला मिळत नाही. नव्या घंटागाडीवर मात्र त्याचे नाव लागते.

मग २०२० मध्ये सुटले काय?

हे सगळे पाहिले तर डिसेंबर २०२० चा प्रसंग उलगडतो. तोवर करोनाची टाळेबंदी येऊन गेली होती. त्या काळातही या बायका दारोदार जात होत्या, म्हणजे क्षमतेचा कोन शाबूत होता. मोल तर टाळेबंदीत कधी नव्हे इतके उघड झाले होते. मान्यतेचा कोन मात्र एका कागदावर उभा होता आणि त्या कागदावर शेवटची तारीख होती. हे पहिल्यांदा घडत नव्हते. २००८ चा करार २०१३ मध्ये संपल्यावर पुढचा पूर्ण करार व्हायला २०१६ उजाडले होते. म्हणजे इशारा आधीच मिळालेला होता.

मान्यतेचा कोन कमकुवत झाल्याची चिन्हे बाहेरूनही दिसतात. पूर्ण कराराऐवजी तुकड्यातुकड्यांनी मुदतवाढ मिळू लागते. गाड्या आणि हातमोज्यांची खरेदी ‘करार अंतिम झाल्यावर पाहू’ म्हणून लांबते. मग जुन्या गाड्या मोडतात, काम ढिले पडते, तक्रारी वाढतात आणि त्याच तक्रारी करार न करण्याचे कारण म्हणून सभेत वाचल्या जातात. एक कोन असा दुसऱ्याला खाली ओढतो. क्षमता घटली म्हणून मान्यता गेली, असे शेवटी कागदावर दिसते. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो.

म्हणून अधिकाऱ्याने काय करायला हवे होते? मूर यांच्या मते व्यवस्थापकाचे एक काम खाली पाहण्याचे असते, म्हणजे यंत्रणा चालवण्याचे. दुसरे बाहेर आणि वर पाहण्याचे, मान्यता मिळवण्याचे आणि टिकवण्याचे. ते करार संपण्याच्या महिन्यात सुरू करून चालत नाही. प्रत्येक प्रभागात किती सुका माल वेगळा झाला, डेपोवरचा किती भार टळला, किती घरे शुल्क देतात आणि किती तक्रारी कोणत्या कारणाने आल्या, हे दर तिमाहीला स्थायी समितीपुढे ठेवायला हवे होते. नगरसेवकाला आपल्या प्रभागाचा आकडा मिळाला असता, तर मतदाराच्या सत्तर रुपयांच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असते.

यात धोका नाही का?

आहे, आणि अभ्यासकांनी तो दाखवलाही आहे. रॉड ऱ्होड्स आणि जॉन वाना यांनी २००७ मध्ये मूर यांच्या चौकटीवर टीका केली. मोल काय ते ठरवण्याचा आणि त्यासाठी पाठबळ जमवण्याचा उद्योग निवडून न आलेल्या अधिकाऱ्यांकडे दिला, तर ते स्वतःला समाजाचे पालक समजू लागतील, असा त्यांचा आक्षेप होता. महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. सभागृहाला न जुमानणारा आयुक्त आपल्याकडे लगेच नायक होतो आणि त्याची बदली झाली की त्याने सुरू केलेले बरेच काही त्याच्याबरोबर जाते. त्रिकोणाच्या भाषेत त्याने मान्यता मिळवलेली नसते, ती ओलांडलेली असते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यातील नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर दीर्घ काळ प्रशासकाचा कारभार होता. अशा काळात सह्या लवकर होतात. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच टेबलावर आलेले असतात. चांगल्या योजनेच्या समर्थकांना तो काळ सोयीचा वाटणे साहजिक आहे. पण ज्या निर्णयावर सभागृहात वाद झालेला नाही, त्याचा बचाव करायला नव्या सभागृहात कुणीही बांधील नसते. मुदत संपताना ‘हे आमच्या काळात ठरलेच नव्हते’ असे म्हणणे नव्या सदस्याला सोपे जाते.

ऱ्होड्स-वाना यांचा आक्षेप मान्य करूनही मला त्रिकोण टाकून द्यावासा वाटत नाही. अधिकाऱ्याने मोल काय ते एकट्याने ठरवू नये, हे बरोबरच आहे. पण ते मोजून, मांडून सभागृहापुढे ठेवण्याचे काम दुसरे कोण करणार? पुण्यात अडचण इथेच आहे. हस्तांतरण केंद्रावरचा वजनकाटा फक्त आलेला कचरा मोजतो. प्रत्येक गाडीची नोंद होते, पावती निघते आणि वाहतुकीचे बिल त्यावर ठरते. अडीचशे घरांमागे महिन्याला जो सव्वादोन टन माल त्या काट्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याची नोंद भंगारवाल्याच्या वहीत होते. स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर ती वही येत नाही.